एटीएमचा परभाषी पडदा : छायाचित्र आणि भाषांतर

१. ओळखीचे यंत्र, अनोळखी अक्षरे

चंडीगढ हे 1966 पासून पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांची राजधानी असलेले नगर होय. ते स्वतः मात्र केंद्रशासित प्रदेश आहे, आणि त्याच्या प्रशासनाची भाषा इंग्रजी आहे. नगराच्या सेक्टर 17 मधील बँक स्क्वेअरमध्ये असो किंवा सेक्टर 12 मधील पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेच्या परिसरात असो, एटीएम यंत्रात कार्ड घातले की पडद्यावर सामान्यतः तीन पर्याय येतात : इंग्रजी, हिंदी आणि पंजाबी. पंजाबीचा पर्याय ਪੰਜਾਬੀ असा गुरुमुखी लिपीत लिहिलेला असतो. हे बटण चुकून दाबले गेले, तर पुढील सर्व सूचना गुरुमुखीत उमटू लागतात.

मराठी वाचकाला ही लिपी सर्वस्वी परकी वाटत नाही, आणि धोक्याचे मूळ नेमके तेथेच आहे. गुरुमुखी आणि देवनागरी या दोन्ही लिप्या ब्राह्मीच्या कुळातील आहेत. दोहोंत अक्षरांच्या डोक्यावर रेघ असते. अनेक अक्षरे इतकी सारखी असतात, की देवनागरी जाणणाऱ्याला अर्धा शब्द आपोआप वाचता येतो. पण उरलेला अर्धा तो चुकीचा वाचतो. गुरुमुखीतील ਸ हे अक्षर देवनागरीतील ‘म’सारखे दिसते; त्याचा उच्चार मात्र ‘स’ असा आहे. एटीएमच्या पडद्यावर रोकड काढण्यासाठी ਨਕਦ ਨਿਕਾਸੀ असे शब्द येऊ शकतात. त्यांचा उच्चार ‘नकद निकासी’. देवनागरीच्या सवयीने पाहणाऱ्या मराठी माणसाला दुसरा शब्द ‘निकामी’ असा दिसतो. ज्या बटणाने पैसे मिळावयाचे, तेच बटण बंद पडले आहे असा त्याचा समज होतो आणि तो दुसरे एखादे बटण दाबतो.

अशा वेळी खिशातील मोबाइल काढून पडद्याचे छायाचित्र घेणे आणि ते एखाद्या पंजाबी जाणणाऱ्या परिचिताकडे पाठवून अर्थ विचारणे हा आज अगदी स्वाभाविक उपाय झाला आहे. तो उपाय चुकीचा नाही. यंत्रापाशी उभ्या असलेल्या अपरिचिताला मदत मागण्यापेक्षा तो पुष्कळच बरा. कारण मदतीच्या मिषाने कार्ड हातात घेऊन त्या जागी तसेच दिसणारे दुसरे कार्ड परत देणे हा फसवणुकीचा जुना प्रकार आहे. परंतु छायाचित्र हे केवळ शब्दांचे नसते. ते त्या क्षणी भिंगासमोर असलेल्या प्रत्येक वस्तूचे असते. भाषांतरासाठी आवश्यक तेवढे पाठवावयाचे आणि कार्डाची ओळख सांगणारे काहीही पाठवावयाचे नाही, हे कसे साधावे, याचा विचार या प्रकरणात केला आहे.

२. एक उदाहरण

अशी कल्पना करू की, विदर्भातील एक गृहस्थ आपल्या भावाच्या उपचारांसाठी चंडीगढला आले आहेत. औषधांच्या दुकानात रोख पाच हजार रुपये द्यावयाचे आहेत. ते एटीएममध्ये जातात, कार्ड घालतात आणि घाईत पंजाबीचे बटण दाबतात. पिन विचारणारा पडदा ते चौकटीवरून ओळखतात आणि पिन देतात. त्यानंतर पडद्याच्या दोन्ही कडांना चार-चार ओळी येतात. त्यांतील एकीवर त्यांना ‘निकामी’ असे दिसते.

ते कार्ड यंत्रातच ठेवतात, खिशातील दुसरे एक कार्ड व मागील व्यवहाराची पावती यंत्राच्या फळीवर ठेवून मोबाइल काढतात आणि थोडे मागे सरकून छायाचित्र घेतात. ते कुटुंबाच्या मोबाइलवरील गटात पाठवतात. त्या गटात तीस-पस्तीस माणसे आहेत. सोबत लिहितात, ‘पंजाबी कुणाला येते का? पैसे कसे काढावेत?’

या छायाचित्रात काय आले ते क्रमाने पाहू. पडद्यावरील आठ ओळी आल्या, आणि त्या आवश्यकच होत्या. पडद्याच्या वरच्या भागात खातेदाराचे नाव होते, तेही आले. फळीवरील दुसऱ्या कार्डाचा दर्शनी भाग आला. त्यावर क्रमांक आणि मुदत संपण्याचा महिना-वर्ष छापलेले आहे. पावतीवर बँकेचे नाव, यंत्राचा क्रमांक, दिनांक, वेळ, कार्डाचे शेवटचे चार अंक आणि शिल्लक रक्कम आहे. भाषांतर करणाऱ्याला यांपैकी पहिल्या गोष्टीखेरीज कशाचीही गरज नव्हती.

दरम्यान आणखी एक गोष्ट घडते. उत्तर येईपर्यंत यंत्र थांबत नाही. ठरावीक अवधीत बटण दाबले गेले नाही तर ते व्यवहार रद्द करते, किंवा आणखी वेळ हवा काय असे विचारते. ही विचारणाही गुरुमुखीतच असते. गृहस्थ उत्तराची वाट पाहत दाराबाहेर गेले, तर पिन दिलेला आणि पुढील आज्ञेची वाट पाहणारा पडदा कोणाही येणाऱ्याच्या स्वाधीन होतो.

३. प्रथम रद्द, मग छायाचित्र

यावरून पहिला नियम निघतो : चालू व्यवहाराच्या मध्ये भाषांतराची वाट पाहू नये. परभाषी पडदा समोर आला तर सर्वप्रथम व्यवहार रद्द करावा, कार्ड परत घ्यावे आणि ते खिशात ठेवावे.

त्यासाठी पडदा वाचता येण्याची गरज नाही. आकड्यांच्या फलकावर अंकांखेरीज तीन रंगीत बटणे असतात. लाल बटण व्यवहार रद्द करते, पिवळे बटण नुकताच दिलेला आकडा पुसते आणि हिरवे बटण दिलेली माहिती मान्य करते. या रंगांची योजना भारताबाहेरील यंत्रांवरही बहुधा हीच आढळते. 5 या अंकाच्या बटणावर एक उंचवटा असतो. त्यावरून न पाहताही अंकांची जागा कळते. म्हणजे परभाषेतील यंत्रावर शब्दांच्या आधी रंगांचा आधार घेता येतो. लाल बटण दाबल्यावर यंत्र कार्ड परत देते किंवा ते काढून घेण्याची सूचना करते. कार्ड हातात आले की व्यवहार संपला असे समजावे.

चंडीगढच्या यंत्रावर येथेच प्रश्नाचा निकाल लागू शकतो. कार्ड पुन्हा घालून हिंदी किंवा इंग्रजी निवडली की भाषांतराची आवश्यकताच राहत नाही. आपल्या उदाहरणातील गृहस्थांना हिंदी येते. त्यांना छायाचित्राची मुळीच गरज नव्हती. सर्वांत सुरक्षित छायाचित्र म्हणजे जे घ्यावेच लागले नाही ते होय. भाषा निवडण्याचा पडदा पिन देण्याच्या आधी आला असेल, तर त्याचे छायाचित्र घेण्यात तुलनेने धोका कमी असतो. पिन दिल्यानंतरच्या पडद्यांपैकी एखादा समजून घ्यावयाचा असेलच, तर दोन मार्ग उरतात. पहिला, शब्द कागदावर उतरवून घेणे. लिपी येत नसली तरी चित्र काढावे तशी एखाद्या ओळीची नक्कल करता येते, आणि अशा नकलेत खात्याचा एकही अंक चुकून शिरत नाही. दुसरा, ज्या पडद्यावर शिल्लक, नाव किंवा क्रमांक नाही अशाच पडद्याचे छायाचित्र घेऊन तत्काळ लाल बटण दाबणे. पिन विचारणाऱ्या पडद्याचे छायाचित्र कधीही घेऊ नये. त्यावर अंकांऐवजी फुल्या दिसतात हे खरे. पण त्या क्षणी बोटे फलकावर असतात आणि मोबाइलचे भिंग तेही टिपते.

एटीएमच्या खोलीत छायाचित्र घेण्यास मनाई असल्याची पाटी असेल, तर ती मानावी. तेथे सुरक्षारक्षक असेल तर आधी त्याला सांगावे. रांगेतील दुसरा माणूस किंवा त्याचा हात चित्रात येऊ देऊ नये.

४. क्रमांकातील किती अंक झाकावेत?

आता चित्रात कार्ड आलेच तर काय बिघडते, हे समजून घेतले पाहिजे. अनेकांची अशी समजूत असते, की सोळांपैकी दोन-तीन अंकांवर बोट ठेवले की पुरे. ती समजूत चुकीची आहे, आणि तिचे कारण क्रमांकाच्या रचनेतच आहे.

सोळा अंकी कार्ड-क्रमांकाचे सुरुवातीचे अंक खातेदाराचे नसतात. ते कार्ड देणाऱ्या बँकेचे असतात. पूर्वी यासाठी सहा अंक राखलेले होते. 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय मानकात ते आठ करण्यात आले. बँकेचे नाव आणि कार्डाचा प्रकार कळला की हे अंक शोधून काढणे अवघड नसते. सर्वांत शेवटचा अंकही स्वतंत्र नसतो. आधीच्या अंकांवर एक ठरावीक गणित करून तो काढलेला असतो, म्हणजे एखादा अंक लिहिताना चुकला तर यंत्राला ते लगेच कळावे.

या पडताळणीच्या अंकामुळे झाकलेल्या अंकांचे संरक्षण अपेक्षेपेक्षा कमी भरते. एकच अंक झाकला असेल तर तो उरलेल्या पंधरांवरून निश्चितपणे काढता येतो. म्हणजे तो झाकला काय नि न झाकला काय, सारखेच. दोन अंक झाकले तर शंभर नव्हे, केवळ दहा शक्यता उरतात. पहिले आठ आणि शेवटचे चार अंक कळले तर मधल्या चार अंकांच्या दहा हजार जोडण्यांपैकी एक हजारच गणितात बसतात. पहिले सहा आणि शेवटचे चार कळले, तर मधल्या सहा अंकांसाठी एक लाख शक्यता राहतात. छापील पावतीवर पूर्ण क्रमांक दिसू नये असा कार्ड-व्यवहारांचा संकेत आहे.

केवळ शेवटचे चार अंक दिसले तर कार्ड वापरता येत नाही. तरीही ते निरुपद्रवी नव्हेत. दुसऱ्या दिवशी एखादा माणूस दूरध्वनीवरून आपण बँकेतून बोलत आहोत असे सांगतो, ‘काल सायंकाळी चंडीगढमध्ये, शेवटचे अंक अमुक असलेल्या आपल्या कार्डावर व्यवहार अडकला’ असे म्हणतो, आणि ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो. पावतीच्या छायाचित्रातील वेळ, ठिकाण आणि चार अंक यांनी मिळून हा विश्वास निर्माण केलेला असतो. मग तो माणूस मोबाइलवर आलेला एकवार वापराचा संकेतांक विचारतो. म्हणून भाषांतरासाठी पाठवावयाच्या चित्रात शेवटचे चार अंकही नसावेत.

कार्डाच्या मागील बाजूचे तीन अंक आणि पिन यांच्याबाबत अंशतः झाकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ते चित्रात येताच कामा नयेत.

५. झाकण्याची योग्य रीत

झाकण्याचे काम छायाचित्र घेतल्यानंतर करण्यापेक्षा आधी करणे हेच श्रेयस्कर. यंत्राची फळी मोकळी करावी. कार्ड व पावती खिशात असावी. पडद्यावर नाव किंवा शिल्लक दिसत असेल, तर त्या जागेवर कोरा कागद धरावा आणि मगच छायाचित्र घ्यावे. जे भिंगासमोर आलेच नाही, ते पुढे कोणालाही परत मिळवता येत नाही.

छायाचित्र घेतल्यानंतर काही झाकावे लागलेच, तर तीन चुका टाळाव्यात. पहिली चूक म्हणजे मोबाइलवरील रंगीत लेखणीने एखादी पुसट रेघ ओढणे. अशी लेखणी अनेकदा अर्धपारदर्शक असते. चित्र उजळले की रेघेखालील अंक वर येतात. दुसरी चूक म्हणजे अंक अंधुक करणे. अंक दहाच असतात आणि त्यांचे ठसे ठरलेले असतात, म्हणून अंधुक डागावरून मूळ अंकाचा तर्क करता येतो. त्याऐवजी गडद, अपारदर्शक चौकोन ठेवावा. तिसरी चूक म्हणजे कापलेला भाग नाहीसा झाला असे गृहीत धरणे. काही मोबाइलांच्या चित्र-संपादनात असा दोष असल्याचे 2023 मध्ये उघडकीस आले, की कापलेला भाग चित्राच्या संचिकेत शिल्लक राहत असे आणि तो पुन्हा मिळवता येत असे. कापलेल्या चित्राचे पडदाचित्र पुन्हा घेऊन तेच पाठविल्यास ही शंका राहत नाही.

तथापि कापण्यालाही मर्यादा आहे. एटीएमच्या पडद्यावरील ओळ आणि तिच्या शेजारचे बटण यांचा संबंध केवळ जागेवरून कळतो. चित्र इतके कापले की बटणे बाहेर गेली, तर भाषांतर करणारा शब्दाचा अर्थ सांगेल. पण कोणते बटण दाबावे हे त्याला सांगता येणार नाही. तसेच, चित्र तिरकस घेतले असेल तर एक ओळ खालच्या किंवा वरच्या बटणासमोर असल्याचा भास होतो. म्हणून पडद्यासमोर सरळ उभे राहून, दोन्ही कडांची बटणे येतील पण खालचा अंकफलक येणार नाही अशा बेताने चित्र घ्यावे. सोबत जागा शब्दांत लिहावी : ‘डावीकडून वरून दुसरी ओळ.’

पाठवावयाचे तेही एकाच व्यक्तीकडे, गटात नव्हे. गटातील प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये चित्राची एक प्रत उतरते, आणि ती पुसणे पाठवणाऱ्याच्या हाती राहत नाही. काम झाल्यावर मूळ चित्र पुसावे. पुसलेली चित्रे काही दिवस ज्या वेगळ्या कप्प्यात साठतात, तोही रिकामा करावा. अक्षरांवर मोबाइल धरला की अर्थ दाखवणारे एखादे साधन वापरावयाचे असेल, तर त्यालाही हेच नियम लागू होतात. चित्र कोणाच्या डोळ्यांसमोर जाते यापेक्षा ते मोबाइलबाहेर जाते की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा.

६. शब्दांचा अर्थ

आता आपल्या उदाहरणातील गृहस्थांनी योग्य रीतीने काम केले असे समजू. त्यांनी व्यवहार रद्द केला, कार्ड खिशात ठेवले आणि उतरवून घेतलेले शब्द सेक्टर 12 मधील एका पंजाबी परिचिताकडे पाठवले. वेगवेगळ्या बँकांच्या यंत्रांवर शब्दयोजना थोडी निराळी असते. तरी पुढील शब्दांवरून बहुतेक पडद्यांचा उलगडा होतो.

ਨਕਦ ਨਿਕਾਸੀ (नकद निकासी) म्हणजे रोकड काढणे. ਰਕਮ ਦਰਜ ਕਰੋ (रकम दर्ज करो) म्हणजे रक्कम भरा. ਬਚਤ (बचत) आणि ਚਾਲੂ (चालू) हे खात्याचे प्रकार मराठीतही तेच आहेत. ਰਸੀਦ (रसीद) म्हणजे पावती. तिच्यापुढे ਹਾਂ (हां) आणि ਨਹੀਂ (नहीं) असे पर्याय येतात. ਰੱਦ ਕਰੋ (रद्द करो) या शब्दांना भाषांतराची गरज नाही.

दोन शब्दांकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. पहिला ਬਕਾਇਆ (बकाया). मराठीत बकाया म्हणजे थकलेले येणे किंवा देणे. म्हणून पडद्यावर हा शब्द आणि पुढे मोठी रक्कम पाहिली, की आपल्याकडे बँकेचे काही कर्ज निघते की काय अशी शंका येते. एटीएमच्या पडद्यावर त्याचा अर्थ खात्यातील शिल्लक असा आहे. हाच तो पडदा, जो भीतीपोटी सर्वाधिक घाईने छायाचित्रित केला जातो आणि जो कधीच पाठवू नये. कारण त्यावर शब्दापेक्षा आकडाच अधिक बोलका असतो. अशा वेळी केवळ शब्द लिहून विचारावा. दुसरा शब्दसमूह ਪਿੰਨ ਬਦਲੋ (पिन बदलो). हा पर्याय रोकड काढण्याच्या पर्यायाच्या आसपासच असू शकतो. अंदाजाने बटणे दाबणाऱ्याने हे दाबले आणि पुढे विचारलेल्या जागी रक्कम समजून 5000 हा आकडा दिला, तर चार अंकांचा नवा पिन म्हणून यंत्र तो स्वीकारू शकते. पुढच्या वेळी जुना पिन चालत नाही. सामान्यतः तीन चुकांनंतर कार्ड बंद होते, आणि कारण मात्र ध्यानात येत नाही.

ज्या शब्दाचे मराठीशी कोणतेच साम्य नाही असा एक शब्द लक्षात ठेवावा : ਉਡੀਕ ਕਰੋ (उडीक करो), म्हणजे थांबा, वाट पाहा. हा पडदा असताना कोणतेही बटण दाबू नये आणि जागाही सोडू नये. रोकड मोजली जात असण्याची शक्यता असते.

७. पैसे आले नाहीत तर

एक प्रसंग असा आहे, की ज्यात पडद्याचे छायाचित्र भाषांतरापेक्षाही पुराव्यासाठी उपयोगी पडते. खात्यातून रक्कम वजा झाल्याचा संदेश मोबाइलवर येतो, पण यंत्रातून नोटा येत नाहीत आणि पडद्यावर ਲੈਣ-ਦੇਣ ਅਸਫਲ (लैण-देण असफल), म्हणजे व्यवहार असफल, असे काहीसे उमटते. येथे पडद्याचे छायाचित्र अवश्य घ्यावे, कारण हा पडदा पुन्हा आणता येत नाही. पावती आली असेल तर ती जपून ठेवावी.

मात्र या चित्राच्या दोन प्रती कराव्यात. भाषांतर करणाऱ्याला फक्त संदेशाची ओळ पाठवावी. बँकेला द्यावयाच्या तक्रारीत यंत्राचा क्रमांक, दिनांक, वेळ, रक्कम आणि व्यवहाराचा संदर्भ-क्रमांक लागतो. तो पावतीवर असतो. तक्रार नेहमी कार्ड ज्या बँकेचे आहे तिच्याकडे करावी, यंत्र कोणाचेही असो. रिझर्व्ह बँकेने 2019 मध्ये असे ठरवून दिले, की अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत जमा झाली पाहिजे, आणि त्यापुढील प्रत्येक दिवसाच्या विलंबासाठी खातेदाराला शंभर रुपये भरपाई मिळाली पाहिजे. बँकेलाही पिन किंवा मागील तीन अंक कधीच लागत नाहीत. ते मागितले गेले तर मागणारा बँकेचा नव्हे असे निःशंक समजावे.

चुकून कार्डासह छायाचित्र पाठवले गेले असेल, तर ते परत घेण्याच्या खटपटीत वेळ न घालवता आधी कार्ड बंद करवावे. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात एक महत्त्वाचा भेद केलेला आहे. खातेदाराने स्वतः आपली गुप्त माहिती दुसऱ्याला दिल्यामुळे नुकसान झाले, तर बँकेला कळवीपर्यंतचा सर्व तोटा खातेदाराचा. कळविल्यानंतरचा तोटा बँकेचा. म्हणजे कळविण्याचा क्षण हीच मर्यादारेषा ठरते.

८. भाषा बदलता न येणारे यंत्र

चंडीगढमध्ये हिंदी किंवा इंग्रजी निवडून सुटका होते. चंडीगढहून परदेशी जाणाऱ्याला ही सोय नेहमीच मिळते असे नाही. विशेषतः दुकानदाराच्या हातातील कार्ड-यंत्राचा पडदा लहान असतो आणि तो त्या देशाच्या भाषेत बोलतो. तेथे एका प्रश्नाचे भाषांतर नीट होणे पैशाच्या दृष्टीने महत्त्वाचे असते.

भारतीय कार्ड ओळखून यंत्र विचारते, की रक्कम युरोत द्यावयाची की रुपयांत? जर्मनीतील एटीएमवर हे पर्याय Mit Umrechnung आणि Ohne Umrechnung असे येऊ शकतात. पहिल्याचा अर्थ ‘रूपांतरासह’, दुसऱ्याचा ‘रूपांतराविना’. फ्रेंच पडद्यावर Accepter la conversion म्हणजे रूपांतर मान्य आणि Refuser la conversion म्हणजे रूपांतर अमान्य. ‘अमान्य’ या शब्दाने प्रवासी बिचकतो. व्यवहारच रद्द होईल असे त्याला वाटते. वस्तुतः तसे होत नाही. रूपांतर नाकारले की व्यवहार स्थानिक चलनात पूर्ण होतो आणि रुपयांतील हिशेब कार्डाच्या जाळ्याच्या दराने होतो. त्यात आपल्या बँकेचे परकीय चलनाचे शुल्क मिळविलेले असते. रूपांतर स्वीकारले, तर दर त्या यंत्रामागील संस्था ठरवते आणि तो बहुधा महाग पडतो.

या पडद्याचे छायाचित्र चंडीगढमधील परिचिताकडे पाठवावयाचे झाल्यास झाकण्याचा नियम थोडा बदलतो. येथे रक्कम आणि दर झाकून चालत नाही. निर्णय त्यांवरच अवलंबून असतो. झाकावयाचे ते कार्ड, त्याचे दिसणारे अंक आणि दुकानदाराने फाडून दिलेली पावती. उत्तर येण्यास वेळ लागणार असेल तर लाल बटण दाबून दुकानदाराला पुन्हा सुरुवात करावयास सांगावे. कोणतीही रक्कम वजा झालेली नसते.

दोन्ही ठिकाणी कसोटी एकच आहे. चित्र पाठविण्यापूर्वी ते एकदा अशा दृष्टीने पाहावे, की जणू आपल्याला भाषा येते आणि हे कार्ड कोणाचे आहे हे शोधून काढावयाचे आहे. त्या दृष्टीला नाव, अंक, मुदत, शिल्लक, वेळ यांपैकी काही सापडले तर चित्र पाठविण्याजोगे नाही. केवळ शब्द आणि त्यांच्या शेजारची बटणे सापडली, तर ते पाठवावे. विदर्भातील त्या गृहस्थांना अखेर एवढेच हवे होते : डावीकडची दुसरी ओळ ‘निकामी’ नाही, ती ‘निकासी’ आहे.